एका सोमवारच्या तीन कँडल

४ डिसेंबर २०२३ या सोमवारी सोन्यात जे घडलं, त्याचा अर्थ काय लावायचा यावर चार्ट पाहणाऱ्यांचं तेव्हाही एकमत झालं नव्हतं. आधीच्या शुक्रवारी सोनं औंसाला सुमारे २,०७२ डॉलरवर बंद झालं होतं. तोवरच्या इतिहासातला तो सर्वांत उंच बंद भाव. सोमवारी आशियातला बाजार उघडला तेव्हा भारतात पहाट होती आणि न्यूयॉर्कमध्ये रविवारची संध्याकाळ. त्या विरळ बाजारात भाव थोड्याच वेळात २,१३५ डॉलरच्या वर जाऊन आला आणि मग दिवसभर घसरत राहिला. दिवस संपला तो २,०२९च्या आसपास. सकाळचा उच्चांक आणि रात्रीचा बंद भाव यांत शंभरेक डॉलरचं अंतर पडलं.

चार्ट वाचणं हे माझं रोजचं काम आहे. त्या आठवड्यात मला जवळजवळ सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : तेजी संपली का? प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच भाव होता. तरी कोणी 'संपली' असं ठामपणे सांगत होता, कोणी 'आता तर सुरू झाली' म्हणत होता. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण एकाने डेली चार्ट उघडला होता, दुसऱ्याने मंथली. मधला विकली चार्ट फारच थोड्यांनी पाहिला होता.

आधी डेली पाहू. सोमवारची कँडल शुक्रवारच्या बंद भावाजवळ उघडली, वर बाणासारखी गेली, खाली आली आणि शुक्रवारच्या हिरव्या कँडलचं अंग पूर्ण झाकून लाल झाली. वर राहिली ती लांबलचक बारीक रेघ, जिला आम्ही विक म्हणतो. इतिहासातल्या सर्वांत उंच भावावर अशी कँडल पडली, की डेली चार्ट वाचणारा एकच निष्कर्ष काढतो : वर खरेदीदार उरले नाहीत, जो विकायला आला त्याचंच चाललं. हा निष्कर्ष चुकीचा नव्हता. पुढच्या आठ-नऊ दिवसांत भाव १,९७३ डॉलरपर्यंत उतरला. सोमवारी रात्री ज्याने डेली पाहून विकलं, त्याला बुधवार, १३ डिसेंबरपर्यंत चांगला नफा दिसत होता.

विकली चार्टवर त्या आठवड्याची कँडल याहूनही वाईट दिसत होती. शुक्रवारी, ८ तारखेला, अमेरिकेचे रोजगाराचे आकडे अपेक्षेपेक्षा बरे आले आणि सोनं आणखी खाली येऊन २,००४च्या आसपास बंद झालं. म्हणजे मागच्या आठवड्याची जवळपास सगळी कमाई एका आठवड्यात पुसली गेली. पण इथे एक फरक होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटला. दिसायला ती कँडल कितीही लाल असली, तरी तिचा बंद भाव २,०००च्या वर होता.

आता मंथली. डिसेंबर महिना २,०३६च्या आसपास उघडला. ४ तारखेला उच्चांक, १३ तारखेला नीचांक. त्याच दिवशी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने पुढच्या वर्षी व्याजदर कमी होतील असा सूर लावला आणि भाव एका सत्रात पुन्हा २,०००च्या वर गेला. महिना बंद झाला सुमारे २,०६२वर. मंथली चार्टवर डिसेंबरची कँडल हिरवी आहे. वर विक, खाली विक, मधे छोटं अंग. आणि तिचा बंद भाव हा तोवरच्या सगळ्या महिन्यांमधला सर्वांत उंच बंद भाव आहे. ज्या सोमवारने डेलीवाल्याला विकायला लावलं, तो सोमवार मंथली कँडलमध्ये फक्त वरच्या बारीक रेघेचं टोक होऊन राहिला.

हे कसं होतं, ते एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. कँडल कुठल्याही टाइमफ्रेमची असो, ती फक्त चार आकडे जपते : पहिला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा. डेली कँडल एका दिवसातले हजारो सौदे चार आकड्यांत बसवते, मंथली कँडल वीस-बावीस दिवस चार आकड्यांत बसवते. दिवसांची मोठी कँडल बनवताना वीस दिवसांचे वीस बंद भाव होते, त्यातले एकोणीस टाकून दिले जातात. राहतो फक्त शेवटच्या दिवसाचा. बाकीच्या दिवसांचं अस्तित्व उरतं ते फार तर उच्चांक-नीचांकाच्या टोकांपुरतं. उच्चांक आधी आला की नीचांक, हेसुद्धा त्या कँडलवरून कळत नाही. डिसेंबर २०२३ची मंथली कँडल पाहून कोणी सांगू शकणार नाही की भाव आधी वर जाऊन मग पडला, की आधी पडून मग वर गेला.

म्हणून टाइमफ्रेम निवडणं म्हणजे नुसतं चार्ट जवळून किंवा लांबून बघणं नव्हे. कोणत्या भावांची साक्ष धरायची आणि कोणते भाव सोडून द्यायचे, हा तो निर्णय असतो. शेतकऱ्याला आज पाऊस किती पडला यावरून पेरणीचा दिवस ठरवता येतो, मृगात किती पडला यावरून दुबार पेरणीची धास्ती घ्यावी की नाही हे कळतं आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहील का, हे सगळ्या पावसाळ्यावरून. पाऊस एकच असतो. पण विहिरीचा प्रश्न घेऊन जो आजच्या पावसाकडे बघतो, त्याला उत्तर मिळतं ते भलत्याच प्रश्नाचं.

सोन्यात या साक्षीचा खेळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो २,००० डॉलरच्या पातळीवर. ऑगस्ट २०२०मध्ये, कोविडच्या काळात, सोनं पहिल्यांदा २,०००च्या वर गेलं आणि ७ तारखेला २,०७५ला टेकून आलं. मार्च २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ते २,०७० डॉलरपर्यंत गेलं. २०२३मध्ये अमेरिकेतल्या काही बँका कोसळल्या तेव्हा मार्चमध्ये, पुन्हा एप्रिलमध्ये आणि मेमध्ये, आणि इस्रायल-हमास युद्ध पेटल्यावर ऑक्टोबरमध्ये, असं ते २,०००च्या वर डोकावून आलं. डेली चार्टवर या सगळ्या काळात २,०००च्या वरचे बंद भाव कितीतरी दिसतात. विकली चार्टवरही काही शुक्रवार २,०००च्या वर बंद झालेले आहेत. मंथली चार्टवर मात्र एकही नाही. ऑगस्ट २०२० बंद झाला १,९६७ला, मार्च २०२२ १,९३७ला, मार्च २०२३ १,९६९ला, एप्रिल १,९९०ला, मे १,९६२ला, ऑक्टोबर १,९८३ला. सहा महिने, सहा वरच्या विक, आणि प्रत्येक वेळी महिना संपताना भाव २,०००च्या खाली. नोव्हेंबर २०२३ हा पहिला महिना, जो २,०००च्या वर, सुमारे २,०३६ला बंद झाला.

या तीन वर्षांत डेली चार्टवर काम करणाऱ्याला 'ब्रेकआउट' पुन्हा पुन्हा दिसले आणि पुन्हा पुन्हा फसले. त्याचा स्टॉपलॉस छोटा असेल, तर प्रत्येक फसव्या ब्रेकआउटमध्ये तोटा थोडाच झाला असेल, आणि मधल्या चढ-उतारांत त्याने कमाईही केली असेल. मंथलीवाल्याला मात्र या साऱ्या काळात ब्रेकआउट दिसलाच नाही. त्याच्या दृष्टीने सोनं १,६१५ आणि २,०७५ यांच्यामध्ये अडकलं होतं आणि निर्णय झालेला नव्हता. दोघेही खरं बोलत होते.

आता परत डिसेंबरकडे येते, कारण पुढचे अडीच महिने या विषयाचा उत्तम धडा आहेत. नोव्हेंबरच्या बंद भावावरून मंथलीवाल्याने म्हटलं, की २,०००ची पातळी पार झाली, आता ती आधार व्हायला हवी. मग ११ आणि १२ डिसेंबरला डेली बंद भाव २,०००च्या खाली आले. फेब्रुवारीत, १३ तारखेला अमेरिकेतली महागाई अपेक्षेपेक्षा जास्त निघाली आणि पुन्हा दोन दिवस डेली बंद भाव १,९९२-९३च्या आसपास, १४ तारखेला दिवसातला नीचांक तर १,९८४. डेली चार्टवर आधार दोनदा तुटला. विकली चार्टवर एकदाही नाही. ८ डिसेंबरचा शुक्रवार २,००४, त्यापुढचा २,०१९, १६ फेब्रुवारीचा २,०१३. कोणताही आठवडा २,०००च्या खाली बंद झाला नाही. जानेवारी बंद झाला २,०३९ला, फेब्रुवारी २,०४४ला. फेब्रुवारीच्या मंथली कँडलला खाली विक आहे, बाकी काही नाही. आणि मग मार्च २०२४मध्ये सोनं सुटलं, ते महिनाअखेर २,२३०वर.

इथे मंथलीवाला जिंकला असं वाटेल. मी तसं म्हणणार नाही, आणि त्याचं कारण जुलै २०२०मध्ये आहे.

सप्टेंबर २०११मध्ये सोन्याने १,९२० डॉलरचा उच्चांक केला होता. जवळजवळ नऊ वर्षं तो तसाच राहिला. जुलै २०२० बंद झाला सुमारे १,९७५ला. तो २०११च्या कोणत्याही महिन्याच्या बंद भावाच्या वर होता, इतकंच नाही, तर २०११च्या विकच्या टोकाच्याही वर होता. मंथली चार्टवर याहून स्वच्छ ब्रेकआउट क्वचित सापडेल. ज्याने महिनाअखेरपर्यंत थांबून, शिस्तीने, त्या दिवशी घेतलं, त्याने एक आठवडा नफा पाहिला आणि मग सप्टेंबर २०२२मध्ये १,६१५ डॉलर पाहिले. अठरा टक्के तोटा, आणि खरेदीच्या भावाच्या वर पक्कं निघायला तीन वर्षांहून जास्त काळ. डेली चार्टवाला ऑगस्ट २०२०च्या मध्यावरच बाहेर पडला होता, कारण ११ ऑगस्टला एका दिवसात सोनं शंभर डॉलरहून जास्त पडलं होतं.

मंथली चार्टमध्ये फसव्या हालचाली कमी असतात, पण ज्या असतात त्या महाग पडतात. शिवाय त्याच्या अनुभवाचा साठाच छोटा आहे. १५ ऑगस्ट १९७१ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली, तेव्हापासून आजवर जेमतेम साडेसहाशे महिने झाले. जानेवारी १९८०चा ८५० डॉलरचा उच्चांक ओलांडायला २००८ उजाडावं लागलं, २०११चा ओलांडायला २०२०. म्हणजे 'मंथली चार्टवर जुना उच्चांक पार झाला की पुढे काय होतं' या प्रश्नाला आधार म्हणून आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक फसलेलं आहे. मंथली चार्ट शांत दिसतो म्हणून त्याच्यावर जास्त भरवसा ठेवला जातो. त्या शांततेचं एक कारण हेही आहे, की त्यात माहितीच कमी आहे.

मग कोणी काय पाहावं? माझ्याकडे येणाऱ्याला मी चार्ट उघडण्याआधी एकच विचारते : हे पैसे परत कधी लागणार आहेत, आणि किती कमी झाले तर तुमचं काम अडेल? या उत्तरातून टाइमफ्रेम आपोआप निघते, कारण प्रत्येक टाइमफ्रेमला स्वतःचा स्टॉपलॉस असतो, आणि स्टॉपलॉसवरून किती सोनं घेता येईल ते ठरतं. हा हिशेब एकदा मांडून दाखवते. समजा, एखाद्याची ठाम मर्यादा आहे, की या सौद्यात सहा हजार रुपयांहून जास्त जाऊ द्यायचे नाहीत. डेली चार्टवर त्याला आधार सापडला दहा ग्रॅमला सहाशे रुपये खाली. ग्रॅममागे साठ रुपयांची जोखीम, म्हणजे तो शंभर ग्रॅम घेऊ शकतो. हा एमसीएक्सवरच्या गोल्ड मिनीचा एक लॉट झाला. विकली चार्टवर आधार दोन हजार रुपये खाली असेल, तर ग्रॅममागे दोनशे, म्हणजे तीस ग्रॅम. मंथलीवर आधार पाच हजार रुपये खाली असेल, तर ग्रॅममागे पाचशे, म्हणजे फक्त बारा ग्रॅम.

मर्यादा तीच सहा हजारांची, भाव तोच, पण सोनं शंभर ग्रॅमपासून बारा ग्रॅमपर्यंत. हा हिशेब न करता जो मंथली चार्ट पाहून 'दीर्घकाळाची तेजी आहे' म्हणतो आणि गोल्ड मिनीचा लॉट घेतो, त्याने निष्कर्ष एका चार्टचा घेतला आणि जोखीम दुसऱ्या चार्टची. मंथली आधार तुटेपर्यंत थांबायचं म्हटलं तर त्याचे पन्नास हजार गेलेले असतात. आणि त्याआधी दररोज मार्जिनचा हिशेब होतो, त्याला मंथली चार्टशी काही देणंघेणं नसतं.

याची उलट बाजू मी जास्त वेळा पाहते. माणूस डेली चार्टवर घेतो, भाव स्टॉपलॉसपर्यंत येतो, आणि नेमक्या त्या दिवशी तो विकली चार्ट उघडतो. तिथे आधार अजून खाली असतो. तोही तुटला की मंथली उघडतो. तिथे तर सगळं हिरवंच दिसतं. सोन्याच्या मंथली चार्टवर जवळजवळ कधीही पाहा, खाली कुठेतरी आधार असतोच. हे ओळखायची एक सोपी खूण आहे : सौदा घेतल्यानंतर स्टॉपलॉसचा आकडा खाली सरकला असेल आणि मात्रा मात्र तीच असेल, तर टाइमफ्रेम विचाराने बदललेली नाही, तोट्याने बदललेली आहे. माझ्या ओळखीच्या एका सराफाने यावर छान उपाय केला. ज्या दिवशी माल भरतो, त्या दिवशी रोजमेळात भावाच्या शेजारी 'वि' किंवा 'म' लिहून ठेवतो. 'वि' असेल तर शुक्रवारच्या आत भावाकडे बघत नाही आणि शुक्रवारी बघितल्याशिवाय राहत नाही.

शुक्रवारच्या आत न बघणं याला आणखी एक कारण आहे. चालू आठवड्याची किंवा चालू महिन्याची कँडल ही अर्धवट असते. ४ डिसेंबरच्या पहाटे कोणी मंथली चार्ट उघडला असता, तर त्याला जेमतेम दोन सत्रांची प्रचंड हिरवी कँडल दिसली असती. १३ तारखेला त्याच महिन्याची कँडल लाल होती. २९ तारखेला पुन्हा हिरवी. महिन्याच्या मध्यावर मंथली चार्ट पाहणारा खरं तर डेली भावच पाहत असतो, फक्त मोठ्या कागदावर. सॉफ्टवेअर हे सांगत नाही. अर्धी कँडल आणि पूर्ण कँडल दोन्ही सारख्याच रंगवलेल्या असतात.

तसंच निर्देशकांचं. आरएसआय उघडला की त्यात चौदा हा आकडा आधीच भरलेला असतो. डेलीवर चौदा म्हणजे जवळपास तीन आठवडे, विकलीवर सव्वातीन महिने, मंथलीवर सव्वा वर्ष. तिन्हीकडे तो सत्तरच्या वर गेला की लोक 'महाग झालं' म्हणतात. तीन आठवड्यांत खूप धावलेलं सोनं दम खाऊ शकतं. सव्वा वर्ष धावत असलेलं सोनं मात्र अनेकदा मोठ्या तेजीतच असतं, आणि तिथे सत्तरचा आकडा महिनोन्‌महिने टिकतो. २०० दिवसांच्या सरासरीच्या जागी मंथलीवर २०० ठेवणारेही मी पाहिलेत. ती साडेसोळा वर्षांची सरासरी होते. डेलीच्या दोनशेला विकलीवर चाळीस आणि मंथलीवर साधारण दहा हा आकडा जुळतो.

आपल्याकडचा गुंतवणूकदार डॉलरमध्ये नाही, रुपयांत जगतो, आणि रुपयाच्या चार्टवर हीच गोष्ट वेगळी दिसते. ऑगस्ट २०२०मध्ये एमसीएक्सवर सोन्याने दहा ग्रॅमला ५६,१९१ रुपयांचा उच्चांक केला. तेव्हा डॉलर पंच्याहत्तरच्या आसपास होता. २०२३मध्ये तो ब्याऐंशी-त्र्याऐंशी झाला, आणि मधे जुलै २०२२मध्ये आयात शुल्कही वाढून पंधरा टक्के झालं होतं. त्यामुळे डॉलरचा मंथली चार्ट २,०००च्या खाली अडकलेला असताना रुपयाच्या चार्टवर मार्च २०२३चा बंद भाव जुन्या उच्चांकाच्या बराच वर होता. जुलै २०२०च्या मंथली ब्रेकआउटवर घेतलेल्याचं दुःखही रुपयात बरंच सौम्य होतं. पण रुपयाचा चार्ट शुल्काचे धक्केही सोबत आणतो. २३ जुलै २०२४ला अर्थसंकल्पात शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आलं, आणि एमसीएक्सच्या डेली चार्टवर त्या दिवशी मोठी लाल कँडल पडली. डॉलरमध्ये त्या दिवशी सोन्याला काहीही झालं नव्हतं. डेलीवर ती कँडल मंदीसारखी दिसते, आणि ज्यांनी ती मंदी समजून विकलं त्यांना तीन महिन्यांत नवा उच्चांक बाहेरून पाहावा लागला. अशा दिवशी मी दोन चार्ट शेजारी ठेवते, एक रुपयाचा, एक डॉलरचा. फक्त एकावर खूण असेल, तर ती सोन्याची नसते.

एमसीएक्सच्या चार्टला आणखी एक सांधा असतो. तिथले मोठे करार एक महिना सोडून एक संपतात, संपण्याच्या महिन्याच्या ५ तारखेला. सलग चार्ट काढताना जुन्या कराराचा शेवट नव्या कराराच्या सुरुवातीला जोडला जातो, आणि नवा करार व्याजाच्या खर्चामुळे सहसा वर असतो. डेलीवर ही फट डोळ्यांना दिसते. विकली आणि मंथली कँडलमध्ये ती आत जिरून जाते आणि खरी तेजी असल्यासारखी उभी राहते. दोन वर्षांच्या चार्टवर अशा बारा फटी साचतात. म्हणून लांबचा चार्ट पाहायचा तर मी कराराऐवजी हजर भाव घेते. ४ डिसेंबरची ती पहाटेची उडीसुद्धा एमसीएक्सवर त्या रूपात नाही, कारण आपला बाजार सकाळी नऊला उघडतो. तोवर भाव बराच खाली आला होता. लंडनचा अधिकृत भाव दिवसातून दोनदा, तिथल्या साडेदहाला आणि तीनला ठरतो. त्याच्या चार्टवर तर ती विक मुळातच नाही.

आणि शेवटी महिना. महिना पहिल्या तारखेला सुरू होऊन शेवटच्या तारखेला संपतो, हे आपण ठरवलेलं आहे, सोन्याने नाही. शुक्रवारच्या बंद भावाला निदान एक खरा आधार आहे : त्यानंतर दोन दिवस बाजार बंद असतो, आणि शुक्रवारी हातात ठेवलेलं सोनं सोमवारपर्यंत विकता येत नाही. महिनाअखेरीला फंड आपल्या मालमत्तेचं मोल काढतात, म्हणून तिलाही थोडा अर्थ आहे. पण तो किती, हे तपासायची एक सोपी रीत मी वापरते. महिना पंधरा तारखेपासून पंधरा तारखेपर्यंत धरायचा आणि मंथली कँडल नव्याने काढायच्या. भाव तेच, फक्त रेघ सरकली.

तसं केलं की वर सांगितलेला निकाल बदलतो. एप्रिल २०२३च्या मध्याला सोनं २,००४ला बंद होतं, मेच्या मध्याला २,०१६ला. म्हणजे '२,०००च्या वर पहिला मंथली बंद भाव' नोव्हेंबरच्या सात महिने आधी मिळतो. आणि तो फसतो. जूनच्या मध्याला भाव १,९५७, नोव्हेंबरच्या मध्याला १,९६०. महिनाअखेरच्या चार्टने ज्या फसव्या ब्रेकआउटपासून वाचवलं, ते वाचणं काही अंशी तारखेच्या योगायोगाने होतं, हे यातून दिसतं. १५ डिसेंबरला मात्र भाव २,०१९ आहे, जानेवारीच्या मध्याला २,०५०च्या वर, १५ फेब्रुवारीला २,००४, मार्चच्या मध्याला २,१५५. डिसेंबर २०२३पासून पंधरा तारखेचा चार्ट आणि महिनाअखेरचा चार्ट एकच सांगतात. ज्या सोमवारच्या लाल कँडलवरून सगळा वाद झाला, त्यानंतर अकरा दिवसांनी दोन्ही रेघा जुळल्या, आणि मी माझ्या दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदारांना 'आता घ्या, पण बारा ग्रॅमच्या हिशेबाने' असं सांगितलं ते त्या शुक्रवारी.